फ्लश टँक गुपचूप गळतोय का? आधी रंग टाका, मग सील बघा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जेवता जेवता ऐकत असाल तर आधी घास संपवा, कारण आज आपण कमोडबद्दल बोलणार आहोत. म्हणजे खरं तर कमोडच्या मागे असलेल्या त्या पांढऱ्या टँकबद्दल.

नळ गळला की टपटप ऐकू येतं. रात्री झोपमोड होते आणि मग आपण वैतागून का होईना प्लंबरला फोन करतो. फ्लश टँकचं तसं नाही. त्यातलं पाणी तळातून कमोडमध्ये उतरतं, आणि ते कमोडच्या मागच्या भिंतीवरून इतक्या पातळ थरात सरकतं की ना आवाज येतो, ना फरशी ओली होते. जेवढं पाणी गेलं तेवढं वरून भरलं जातं. टँक कायम भरलेलाच दिसतो. म्हणजे चोरी होतेय आणि तिजोरी मात्र भरलेली, असा प्रकार.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे एक व्हॉइस नोट. वाकडला तीन मैत्रिणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यातल्या एकीनं पाठवलेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, आमच्या सोसायटीत फ्लॅटप्रमाणे पाण्याचे मीटर आहेत. तीन महिने झाले, आमचं रीडिंग समोरच्या पाच माणसांच्या घरापेक्षा जास्त येतंय. घरमालक काका म्हणतात, तुम्ही मुली पाणी फार वापरता, टँकरचे जादा पैसे मी डिपॉझिटमधून कापणार. आम्ही दिवसभर ऑफिसला असतो. कुठे काही गळतानाही दिसत नाही. काय करू?"

मी तिला उलट एकच विचारलं. सगळ्या ऑफिसला गेल्यावर मीटर फिरतो का? तिनं सकाळी निघताना मीटरचा फोटो काढला, संध्याकाळी परत काढला. घरात कोणी नव्हतं, वॉशिंग मशीन बंद होतं, तरी आकडा पुढे सरकला होता. म्हणजे कुठूनतरी पाणी जात होतं. ना भिंतीला ओल, ना फरशीवर पाणी, ना नळाला थेंब. अशा वेळी पहिला संशय फ्लश टँकवर घ्यायचा.

आता टँकच्या आत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दोन मुख्य भाग असतात. एक पाणी आत घेणारा, त्याला फ्लोट लावलेला असतो. पाणी वर आलं की फ्लोट वर जातो आणि येणारं पाणी बंद होतं. दुसरा भाग मधोमध उभा असतो, हा फ्लश व्हॉल्व. त्याच्या तळाशी रबराची किंवा सिलिकॉनची एक चकती असते. कोणी तिला सील म्हणतं, कोणी वॉशर. ही चकती टँकच्या तळाच्या भोकावर, एका गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कडेवर बसलेली असते. बटण दाबलं की व्हॉल्व उचलला जातो, पाणी धाडकन खाली जातं, आणि टँक रिकामा झाला की चकती परत जागेवर बसते. वरच्या पाण्याचं वजनच तिला दाबून धरतं. बस. सहा-सात लिटर पाणी आणि कमोड यांच्यात तेवढी एक चकती उभी असते.

याच व्हॉल्वला एक उभी पोकळ नळी असते, ओव्हरफ्लोची. फ्लोट बिघडला आणि पाणी भरतच राहिलं तर ते बाहेर सांडू नये म्हणून या नळीतून कमोडमध्ये जातं. हे लक्षात ठेवा, कारण गळतीचे रस्ते दोन आहेत. चकतीखालून, किंवा या नळीच्या तोंडावरून. दोन्हीकडून पाणी कमोडमध्येच जातं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी.

जाता जाता एक गंमत. जुन्या चाळीत किंवा रेल्वे क्वार्टरमध्ये उंचावर बसवलेला लोखंडी टँक आणि लोंबणारी साखळी पाहिली असेल तुम्ही. त्यात ही चकती नसायचीच. त्यात सायफन असायचा. पाणी आधी नळीच्या वाकावरून उचललं गेलं तरच खाली जायचं, त्यामुळे तळातून गुपचूप गळायला वावच नव्हता. ब्रिटनमध्ये तर घराघरांत सायफनच लावायचा असा नियम होता, आणि आपल्यासारखे तळातून उघडणारे व्हॉल्व तिथे २००१ पासून चालू लागले. बटण हलकं झालं, पाणी कमी लागू लागलं, पण चकतीवरचा भरवसा वाढला.

असो. आता रंगाची टेस्ट.

रंग कोणता? खाण्याचा. जिलबीत, शिऱ्यात घालतो तो. लाल किंवा केशरी घ्या. निळा नको, कारण कमोड धुवायचं लिक्विड बहुतेक निळं असतं आणि ते कमोडच्या कडेखाली अडकून राहिलेलं असतं. मग खाली दिसणारा निळा रंग टँकमधला की क्लीनरचा, यावर तुमचं भांडण सुरू होईल. रंगपंचमीचा रंगही नको, तो डाग सोडू शकतो. लिक्विड रंग असेल तर दहा-पंधरा थेंब पुरतात. पावडर असेल तर दोन चिमट्या वाटीभर पाण्यात आधी विरघळवा, कोरडी टाकू नका, गोळा होऊन तळाशी बसते.

टँकमध्ये निळी टिकिया टाकायची सवय असेल तर ती आधी काढा आणि दोन-तीनदा फ्लश करून पाणी स्वच्छ होऊ द्या. खरं तर अशा घरात टेस्ट आपोआप झालेलीच असते. रात्रभर कोणी फ्लश केलं नाही आणि सकाळी कमोडमधलं पाणी आदल्या रात्रीपेक्षा गडद निळं, तर उत्तर मिळालं. त्या टिकियांबद्दल माझं मत विचाराल तर वापरू नका. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीन असतं. ते दिवसरात्र त्या रबराला भिजवत राहतं आणि रबर लवकर कडक होतं.

आता टँकचं झाकण काढा. बटण झाकणातच असेल तर बटणाभोवतीची कडी हातानं फिरवून निघते. सिरॅमिकचं झाकण जड असतं, ते उचलून सरळ फरशीवर जुन्या टॉवेलवर ठेवा. कमोडच्या कडेवर टेकवून ठेवलेलं झाकण पडतं आणि फुटतं, आणि नुसतं झाकण दुकानात मिळत नाही.

शेवटचं फ्लश करून पाच-दहा मिनिटं थांबा. कमोडच्या कडेखाली भोकं असतात, त्यातून फ्लशचं उरलेलं पाणी थोडा वेळ ठिबकतच असतं. ती गळती नव्हे. टँक पूर्ण भरला, ठिबकणं थांबलं, की रंग ओता आणि काडीनं हळूच ढवळा. बटणाला हात लावायचा नाही. दारावर चिठ्ठी लावा, नाहीतर नेमकी तेव्हाच कोणाला तरी घाई होते!

कमोडच्या पाण्याचा एक फोटो आत्ता काढा, टॉर्च लावून, आणि अर्ध्या तासानं त्याच कोनातून दुसरा. डोळ्यांना हलका गुलाबी रंग पटकन कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतो. आणि घरमालकाला पाठवायला पुरावाही होतो. फोन मात्र दोन हातांनी धरा, पुढचं मी सांगायला नको.

अर्ध्या तासात रंग दिसला तर गळती नक्की. नाही दिसला तर रात्रभर ठेवा. अगदी बारीक गळती असेल तर कमोडमधल्या पाण्यात तेवढा रंग जमायला वेळ लागतो. थांबायचं नसेल तर आणखी एक उपाय आहे. कमोडच्या मागची आतली भिंत, पाण्याच्या वरचा भाग, टिश्यू पेपरनं कोरडा पुसा आणि तिथे कोरड्या टिश्यूची पट्टी चिकटवा. दहा-पंधरा मिनिटांत पट्टी वरून ओली झाली, आणि ओलीला टँकमधला रंग असला, तर झालं. रंग नसलेली ओल असेल तर जेट स्प्रे ठिबकतोय का ते बघा.

वाकडच्या आपल्या मैत्रिणीनं दोन्ही बाथरूममध्ये एकाच वेळी रंग टाकला. बेडरूममधला कमोड सकाळपर्यंत स्वच्छ. पॅसेजमधल्या कमोडमध्ये वीस मिनिटांत केशरी धार दिसली, मागच्या भिंतीवर, डाव्या बाजूला. तिचा मेसेज आला: "ताई, सापडला चोर!"

मी म्हटलं, चोराचं घर सापडलं, चोर अजून सापडायचाय.

कारण रंगानं एवढंच सांगितलं की टँकमधलं पाणी कमोडमध्ये जातंय. कोणत्या रस्त्यानं, ते सांगितलेलं नाही. पुष्कळदा इथेच लोक दुकानात जातात, सील आणतात, बदलतात, आणि गळती तशीच राहते. कारण दोष सीलचा नव्हता, फ्लोटचा होता.

हे ओळखायला पेन्सिल पुरते. टँकमध्ये बघा, पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून किती खाली आहे? साधारण दोन-अडीच सेंटीमीटर खाली हवी. पाणी तोंडाला टेकलेलं असेल तर संशय फ्लोटच्या व्हॉल्ववर. आता टँकला येणाऱ्या नळीवरचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळचा छोटा नळ, बंद करा. पाण्याच्या पातळीला टँकच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा. अर्धा तास थांबा.

पाणी रेघेवरच राहिलं आणि रेघ नळीच्या तोंडाशी असेल, तर सील ठीक आहे. जास्तीचं पाणी नळीतून जात होतं. फ्लोटची उंची कमी करायची, आणि तरी पाणी थांबत नसेल तर आत येणारा व्हॉल्व बदलायचा. पाणी रेघेच्या खाली गेलं आणि जातच राहिलं, तर गळती तळाशी आहे, म्हणजे सील. आणि पाणी थोडं उतरून मध्येच कुठेतरी थांबलं, तर त्या उंचीवर काहीतरी फुटलंय किंवा सैल झालंय, बहुधा ओव्हरफ्लो नळीला चीर आहे किंवा तिचा जोड सुटलाय. हा तिसरा प्रकार कमी दिसतो, पण दिसला की नवं सील लावून उपयोग नाही.

आपल्या मैत्रिणीच्या टँकमध्ये पाणी नळीच्या तोंडापासून तीन सेंटीमीटर खाली होतं, म्हणजे फ्लोट निर्दोष. कॉक बंद केल्यावर अर्ध्या तासात पातळी आणखी तीन सेंटीमीटर उतरली आणि उतरतच होती. सीलच.

तिला पुढचा प्रश्न होता, यानं मीटर खरंच एवढा फिरेल? हिशेब करू. टँकची आतली लांबी ३४ सेंटीमीटर, रुंदी १३. म्हणजे एक सेंटीमीटर पाणी उतरलं की ४४२ मिलिलिटर गेलं. तीन सेंटीमीटर म्हणजे अर्ध्या तासात सव्वा लिटरच्या थोडं वर. तासाला २.६ लिटर, दिवसाला साधारण ६३ लिटर. दहा लिटरच्या सहा बादल्या, रोज, कोणी अंघोळ न करता. महिन्याला १९०० लिटरच्या आसपास. आणि हा आकडा थोडा कमीच धरलाय, कारण कॉक बंद असताना पातळी उतरते तसा दाब घटतो आणि गळतीही मंदावते. रोजच्या वापरात टँक सतत भरलेला असतो. हाच हिशेब तिनं काकांना फोटोंसकट पाठवला.

आता सील बघायचं. अँगल कॉक बंदच ठेवा, फ्लश करून टँक रिकामा करा.

पण व्हॉल्व काढण्याआधी बटण तपासा. झाकणातल्या बटणाखाली दोन काड्या असतात, त्या व्हॉल्वला दाबतात. काड्या लांब असतील तर झाकण लावल्यावर त्या व्हॉल्वला किंचित दाबून धरतात आणि सील पुरतं बसतच नाही. ओळखायचं कसं? झाकण काढलेलं असताना गळती नाही आणि झाकण लावलं की सुरू होते. अशा वेळी काड्यांचा स्क्रू फिरवून त्या थोड्या आखूड करायच्या. बटणाला एखाद-दोन मिलिमीटर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. म्हणूनच रंगाची टेस्ट एकदा झाकण लावूनही करावी.

मैत्रिणीकडे झाकण काढलेलं असतानाच पाणी उतरत होतं, त्यामुळे काड्या सुटल्या. तिनं व्हॉल्व धरून डावीकडे पाव फेरा फिरवला आणि वर उचलला. बऱ्याच मॉडेलमध्ये तो असाच निघतो. काहींमध्ये बाजूला दोन क्लिपा दाबाव्या लागतात. जोर लावावा लागत असेल तर थांबा, कुठेतरी क्लिप राहिलीय. आणि काढण्याआधी फोटो घ्या, परत बसवताना तोच कामी येतो.

व्हॉल्वच्या तळाशी ती चकती दिसेल. बोट फिरवा. चांगलं रबर मऊ आणि सपाट लागतं. बोटाला काळं लागलं तर रबर झिजून सुटायला लागलंय. एका गोलात खोल खाच पडली असेल तर तीच बाजू वर्षानुवर्षं कडेवर दाबली गेलीय. वाकवून बघा, कडक झालं असेल तर सहज वाकत नाही. आणि बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे पांढरा खरखरीत थर दिसतो, तो क्षारांचा.

आता टॉर्च मारून टँकच्या तळाची ती कडा बघा, जिच्यावर सील बसतं. डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकाला जास्त कळतं. पूर्ण गोल फिरवा. खडा, क्षार, केसासारखी रेघ, काय लागतं ते बघा. क्षार असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं कडेवर अर्धा तास ठेवा आणि मऊ कापडानं पुसा. सुरी, तारेचा काथ्या, सँडपेपर यातलं काही नको. त्यानं पडलेला ओरखडा हीच पुढची गळती. संडास साफ करायचं ॲसिड टँकमध्ये ओतायचं नाही, आतले धातूचे आणि रबराचे भाग खराब होतात. आणि महत्त्वाचं, क्लोरीनच्या टिकिया वापरलेल्या टँकमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल नेण्याआधी टिकिया काढून टँक दोन-तीनदा धुऊन घ्या. आम्ल आणि क्लोरीनवालं ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू निघतो, आणि बाथरूम ही बंद जागा असते.

मैत्रिणीच्या सीलवर डाव्या बाजूला क्षाराचा जाडसर ठिपका होता, आणि गोल खाचही होती. धार डावीकडूनच येत होती, ते जुळलं. तिनं आधी फक्त क्षार काढले, परत बसवलं आणि रेघेची टेस्ट केली. अर्ध्या तासात तीन सेंटीमीटरऐवजी एक. म्हणजे क्षारांचा वाटा मोठा होता, पण खाचही गळत होती. मग तिनं सील काढून उलटं लावलं, न झिजलेली बाजू खाली. अर्ध्या तासात पाणी रेघेवरून हललं नाही, रंगही उतरला नाही.

हा उलटं लावायचा प्रकार दोन्हीकडून सपाट असलेल्या चकतीलाच चालतो. ओठासारखी कडा असलेलं सील उलटं लावलं तर जास्तच गळेल. आणि सपाट असलं तरी हा तात्पुरता इलाज आहे, दुकान उघडेपर्यंतचा. सील बसत नाही म्हणून व्हॅसलीन फासायचं नाही, पेट्रोलियम जेलीनं बरीच रबरं फुगतात.

दुकानात जाताना जुनं सील सोबत न्या. नुसतं "फ्लशचं वॉशर द्या" म्हणून चालत नाही, बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि जाडी तिन्ही जुळायला लागतात. व्हॉल्वचा फोटोही दाखवा. काही दुकानदार म्हणतील, सुटं मिळत नाही, अख्खा सेट घ्या. दोन-तीन ठिकाणी विचारा, बऱ्याचदा मिळतं. अख्खा व्हॉल्व तेव्हाच घ्या जेव्हा तळाची कडाच चिरलीय किंवा ओव्हरफ्लो नळी फुटलीय. कमोडवर बसवलेला सिरॅमिक टँक असेल तर त्यासाठी टँक बोल्ट काढून उचलावा लागतो. ते मात्र प्लंबरला करू द्या. बोल्ट जास्त आवळला तर सिरॅमिक तडकतं.

भिंतीच्या आत टँक असलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. बटणाची प्लेट समोरून निघते आणि त्याच खिडकीतून रंग टाकता येतो. सीलही तिथूनच काढतात, पण जागा अरुंद असते, आणि सुटलेला तुकडा आत पडला तर शोधणं अवघड. त्यामुळे रंगाची आणि टिश्यूची टेस्ट स्वतः करा, फोटो काढा, आणि सील काढायला माणूस बोलवा.

आपल्या मैत्रिणीला तिसऱ्या दुकानात सील मिळालं. नवं बसवून तिनं परत अर्धा तास रेघ, मग रात्रभर रंग, झाकण लावून. सकाळी कमोड स्वच्छ. आठवड्यानं ऑफिसला जाताना आणि येताना मीटरचे फोटो काढले, आकडा तोच. काकांचा रिप्लाय अजून यायचाय. दोन निळ्या टिका मात्र आल्यात.